गुण एकोणनव्वद, अर्थ मात्र उलटा
संगणकाने केलेले भाषांतर तपासणाऱ्या ‘ब्लू’ आणि ‘रूज’ या मोजपट्ट्या नेमके काय मोजतात?

बोईसर : रासायनिक कारखान्यातून वायुगळती झाली, तर आसपासच्या वस्तीतील लोकांनी काय करावे आणि काय करू नये, हे त्यांना आधीच सांगून ठेवणे ही कारखानदाराची कायदेशीर जबाबदारी आहे. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांसंबंधीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत ती स्पष्टपणे घालून देण्यात आली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावांच्या दृष्टीने हे केवळ कागदावरचे कलम नाही. बोईसर स्थानकाच्या पश्चिमेला पसरलेल्या या वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद असे नाना प्रकारचे कारखाने आहेत. तेथील सुरक्षाविषयक कागदपत्रे बहुधा इंग्रजीत तयार होतात आणि ज्यांनी ती वाचायची त्यांची भाषा मराठी, हिंदी, गुजराती, उडिया, भोजपुरी किंवा वारली असते.

भाषांतराचे हे काम आता संगणकाकडून करून घेता येते. ते वेगाने होते आणि स्वस्तातही पडते. मात्र ते बरोबर झाले आहे की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न उरतोच. भाषांतराची प्रणाली तयार करणारे बहुतेक वेळा एक आकडा पुढे करतात. आमच्या प्रणालीला इतके ‘ब्लू’ गुण मिळाले, असे ते सांगतात. सारांश लेखनाच्या प्रणालीबाबत हाच मान ‘रूज’ या आकड्याला दिला जातो. हे आकडे कसे निघतात, याची माहिती असल्याशिवाय त्यांच्यावर कितपत विसंबावे हे कळणे कठीण आहे. म्हणून एकच वाक्य घेऊन हा हिशेब येथे शेवटपर्यंत मांडला आहे.

बदली नटाची गोष्ट

‘ब्लू’ ही मोजपट्टी २००२ साली आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रातील किशोर पापिनेनी, सलीम रुकोस, टॉड वॉर्ड आणि वेई-जिंग झू या चौघांनी मांडली. तिचे पूर्ण नाव ‘बायलिंग्वल इव्हॅल्युएशन अंडरस्टडी’ असे आहे. यातील ‘अंडरस्टडी’ हा शब्द नाट्यव्यवसायातला आहे. मुख्य नट आजारी पडला तर ऐनवेळी त्याच्या जागी उभा राहणारा बदली नट, असा त्याचा अर्थ. खरा परीक्षक माणूसच, पण तो रोज उपलब्ध नसतो. महागही पडतो. अशा वेळी त्याची जागा चालवून नेणारे काहीतरी असावे, इतकीच या संशोधकांची अपेक्षा होती. ती त्यांनी नावातच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली.

दोन वर्षांनी, २००४ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चिन-यू लिन यांनी सारांशांच्या तपासणीसाठी ‘रूज’ सादर केली. तिच्याही लांबलचक नावात हाच ‘अंडरस्टडी’ आहे. म्हणजे दोन्ही मोजपट्ट्या जन्मतः बदली नट आहेत. पुढे झाले ते इतकेच, की मूळ नट रंगमंचावर येईनासा झाला आणि बदली नटाचीच भूमिका लोक खरी मानू लागले.

एका सूचनेची तीन भाषांतरे

पुढील सूचना या लेखासाठी रचली आहे. ती कोणत्याही कारखान्याच्या फलकावरून घेतलेली नाही. इंग्रजीतील मूळ सूचनेचे एका जाणकार भाषांतरकाराने असे मराठी केले, असे समजू :

‘गळती थांबल्याची घोषणा होईपर्यंत कोणीही घराची दारे व खिडक्या उघडू नयेत.’

हे झाले संदर्भ भाषांतर. त्यात अकरा शब्द आहेत. यंत्राने केलेले भाषांतर ‘ब्लू’ आणि ‘रूज’ याच वाक्याशी ताडून पाहणार. आता तीन वेगवेगळ्या प्रणालींनी त्याच मूळ सूचनेची तीन भाषांतरे दिली, असे धरून चालू.

पहिले : ‘गळती थांबल्याची घोषणा होईपर्यंत कोणीही घराची दारे व खिडक्या उघडू शकेल.’

दुसरे : ‘वायुगळती थांबल्याचे जाहीर होईपर्यंत घराचे दरवाजे आणि खिडक्या बंदच ठेवा.’

तिसरे : ‘घराची दारे व खिडक्या उघडू नयेत.’

बोईसरच्या कोणत्याही वाचकाला निकाल देण्यास क्षणभराचाही वेळ लागणार नाही. दुसरे भाषांतर उत्तम आहे. तिसरे अपुरे आहे, कारण दारे कधीपर्यंत बंद ठेवायची ते त्यात सांगितलेले नाही; तथापि ते वाचून कोणाच्या जिवावर बेतणार नाही. पहिले मात्र घातक आहे. गळती चालू असताना खिडक्या उघडण्याची ते मुभाच देते.

‘ब्लू’चा हिशेब

‘ब्लू’ला अर्थ कळत नाही. ती शब्दांचे तुकडे मोजते. यंत्राच्या वाक्यातील एकेकटे शब्द, लागोपाठचे दोन शब्द, लागोपाठचे तीन शब्द आणि लागोपाठचे चार शब्द असे चार प्रकारचे तुकडे पाडले जातात. त्यांपैकी किती तुकडे संदर्भ वाक्यात जसेच्या तसे सापडतात, याचे प्रत्येक प्रकारासाठी एक प्रमाण काढतात. एकच शब्द पुनःपुन्हा लिहून गुण लाटता येऊ नयेत, म्हणून कोणताही तुकडा संदर्भात जितक्या वेळा आला असेल तितक्याच वेळा मोजला जातो. शेवटी चारही प्रमाणांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढले जाते.

पहिल्या भाषांतरात अकरापैकी दहा शब्द जुळतात. फरक आहे तो केवळ अखेरच्या शब्दाचा : ‘नयेत’च्या जागी ‘शकेल’. दोन शब्दांच्या दहा तुकड्यांपैकी नऊ जुळतात, तीन शब्दांच्या नवांपैकी आठ आणि चार शब्दांच्या आठांपैकी सात. म्हणून :

१०/११ × ९/१० × ८/९ × ७/८ = ७/११ = ०.६३६

याचे चौथे मूळ ०.८९३ येते. शंभराच्या मापात सांगायचे तर ८९.३ गुण. प्रत्यक्ष संशोधनात पन्नासच्या पुढचा आकडाही फार चांगला समजला जातो, हे लक्षात घेता एकोणनव्वद म्हणजे जवळजवळ निर्दोष भाषांतर, असाच कोणाचाही समज होईल.

दुसऱ्या भाषांतरात दहा शब्द आहेत. त्यांतील ‘होईपर्यंत’ आणि ‘खिडक्या’ हे दोनच शब्द जुळतात. लागोपाठचे दोन शब्द मात्र कोठेही जुळत नाहीत. चार प्रमाणांपैकी एक जरी शून्य असले तरी सारा गुणाकार शून्य होतो. त्यामुळे या भाषांतराला मिळतात शून्य गुण.

तिसऱ्या भाषांतरातील सहाही शब्द, त्यांचे सर्व तुकड्यांसह, संदर्भात आहेत. चारही प्रमाणे शंभर टक्के भरतात. पण अशाने दोन-चार खात्रीचे शब्द लिहून थांबणाऱ्या यंत्रालाही पूर्ण गुण मिळतील. हे टाळण्यासाठी ‘ब्लू’मध्ये त्रोटकपणाचा दंड आहे. यंत्राचे वाक्य संदर्भापेक्षा आखूड असेल तर आलेल्या गुणांना एका अपूर्णांकाने गुणतात. वाक्य जितके आखूड तितका हा अपूर्णांक लहान. अकरांऐवजी सहाच शब्द असल्यास तो ०.४३ येतो. म्हणजे तिसऱ्याला सुमारे ४३ गुण.

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. माणसाच्या मते उत्तम, अपुरे, घातक, असा क्रम दुसऱ्या, तिसऱ्या आणि पहिल्या भाषांतराचा लागला. ‘ब्लू’ने तोच क्रम तंतोतंत उलटा लावला : ८९, ४३ आणि शून्य.

‘रूज’ वेगळे सांगते का?

‘ब्लू’चा प्रश्न असा असतो, की यंत्राने लिहिलेल्यापैकी किती भाग संदर्भात आहे. ‘रूज’ हाच प्रश्न उलट बाजूने विचारते : संदर्भात जे आहे त्यापैकी किती यंत्राच्या लेखनात उतरले? सारांशाच्या बाबतीत हा प्रश्न साहजिक आहे, कारण महत्त्वाचे काही गळाले तर नाही ना, ही तेथे मुख्य चिंता असते. ‘रूज’चे अनेक प्रकार आहेत. एक प्रकार सुटे शब्द मोजतो, एक शब्दांच्या जोड्या मोजतो आणि एक दोन्ही मजकुरांत त्याच क्रमाने येणारी सर्वांत लांब शब्दमालिका शोधतो. ‘रूज’चा आकडा म्हणून व्यवहारात पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या प्रमाणांची सांगड घालून काढलेली सरासरीही दिली जाते.

सुट्या शब्दांचे ‘रूज’ वरील वाक्यांना लावल्यास पहिल्याला ११ पैकी १० म्हणजे ०.९१, तिसऱ्याला ११ पैकी ६ म्हणजे ०.५५ आणि दुसऱ्याला ११ पैकी २ म्हणजे ०.१८ गुण मिळतात. क्रम तोच, उलटा. प्रश्न कोणत्याही बाजूने विचारला तरी मोजायचे ते शब्दच असल्याने उत्तरही त्याच जातीचे येते.

चूक कोठे होते?

या उलट्या निकालामागे तीन निरनिराळी कारणे आहेत. ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिले कारण म्हणजे शब्दांचे वजन. ‘ब्लू’च्या दृष्टीने ‘व’ आणि ‘नयेत’ यांचे मोल सारखेच. ‘व’च्या ऐवजी ‘आणि’ लिहिले तर अर्थात तिळमात्र फरक पडत नाही. ‘नयेत’च्या ऐवजी ‘शकेल’ लिहिले तर अर्थ उलटतो. किंबहुना ‘नयेत’ हा वाक्याच्या टोकाला असल्यामुळे त्याचा तोटा आणखी कमी होतो. वाक्याच्या मध्यावरचा एक शब्द बदलला तर त्याला स्पर्श करणारे दोन, तीन व चार शब्दांचे अनेक तुकडे बिघडतात. अखेरचा शब्द बदलला तर प्रत्येक प्रकारातला एकेकच तुकडा बिघडतो. मराठीत क्रियापद आणि नकार सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो. अर्थाचे सगळे ओझे ज्या जागी असते, नेमक्या त्याच जागेची चूक या मोजपट्टीला सर्वांत क्षुल्लक वाटते.

दुसरे कारण पर्यायी शब्दांचे. ‘दारे’ आणि ‘दरवाजे’, ‘घोषणा होणे’ आणि ‘जाहीर होणे’, ‘उघडू नयेत’ आणि ‘बंदच ठेवा’ यांचा आशय एकच असला तरी अक्षरे भिन्न आहेत. त्यामुळे गुण नाहीत.

तिसरे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘थांबल्याची’ आणि ‘थांबल्याचे’, ‘घराची’ आणि ‘घराचे’ हे शब्द मुळात एकच. पुढे येणाऱ्या नामाचे लिंग बदलले म्हणून त्यांचा प्रत्यय बदलला, इतकेच. इंग्रजीत ‘ऑफ’ किंवा ‘अन्टिल’ हे सुटे शब्द असतात. मराठीत ते विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय होऊन नामाला चिकटतात. एक प्रत्यय चुकला किंवा नुसता बदलला, तरी ‘ब्लू’ संपूर्ण शब्द चुकीचा धरते. शिवाय मराठीत शब्दांचा क्रमही पुष्कळ सैल असतो. ‘कोणीही घराची दारे’ आणि ‘घराची दारे कोणीही’ यांत व्याकरणाचा दोष कोणी काढणार नाही, पण लागोपाठच्या शब्दांचे तुकडे मात्र मोडतात.

हा शेवटचा मुद्दा मुंबईतच फार पूर्वी उपस्थित झाला होता. सी-डॅकची मुंबई शाखा आणि आयआयटी मुंबई येथील अनंतकृष्णन आर., पुष्पक भट्टाचार्य, एम. शशिकुमार व रितेश शाह यांनी २००७ साली इंग्रजी-हिंदी भाषांतराच्या संदर्भात ‘ब्लू’च्या मर्यादांवर निबंध लिहिला. ‘मोअर ब्लूज फॉर ब्लू’ असे त्याचे उपशीर्षक होते. हिंदीसारख्या, शब्दक्रम सैल असलेल्या भाषेत ही मोजपट्टी कशी गोत्यात येते, हे त्यांनी दाखवून दिले. हिंदीपेक्षा मराठीत प्रत्यय अधिक घट्ट चिकटतात, तेव्हा मराठीला हा आक्षेप अधिकच लागू पडतो.

संदर्भ वाढवले तर?

‘ब्लू’च्या जनकांना पर्यायी शब्दांची अडचण ठाऊक होती. एका वाक्याची अनेक माणसांकडून अनेक संदर्भ भाषांतरे करून घ्यावीत, असा त्यांचा उपाय होता. येथे दुसरे भाषांतर हेच आणखी एक संदर्भ म्हणून धरले, तर त्याचे गुण शून्यावरून एकदम शंभरावर जातात. अन्याय दूर होतो. पण पहिल्या, घातक भाषांतराचे काय? त्याचे ८९ गुण तसेच राहतात. संदर्भ वाढवल्याने चांगल्या भाषांतराला न्याय मिळतो, वाईट भाषांतर मात्र पकडले जात नाही. आणि भारतीय भाषांच्या बहुतेक चाचणी संचांत प्रत्येक वाक्याला एकच संदर्भ असतो, हेही येथे ध्यानात ठेवायला हवे.

‘ब्लू’ची बाजू घेणारे यावर एक रास्त उत्तर देतात. ही मोजपट्टी एका वाक्यासाठी नाहीच; शेकडो-हजारो वाक्यांच्या संचासाठी आहे. एखाद्या वाक्यावर झालेला अन्याय सरासरीत भरून निघतो. एकाच प्रणालीची कालची आणि आजची आवृत्ती ताडून पाहताना हे खरेही ठरते. प्रयोगशाळेत दिवसातून दहा वेळा चाचणी घ्यायची असेल तर माणसे कोठून आणायची? तेथे ‘ब्लू’ने वीसहून अधिक वर्षे इमानाने काम केले आहे.

पण सरासरीत अन्याय जसे भरून निघतात तशी संकटेही लपतात. अकरा शब्दांच्या एक हजार वाक्यांपैकी ९९५ वाक्ये संदर्भाशी तंतोतंत जुळली आणि पाच वाक्यांत पहिल्या भाषांतरासारखा अखेरचा नकार उडाला, असे समजू. संपूर्ण संचाचे गुण शंभरावरून घसरतात ते ९९.९५ वर. सूचनांच्या पुस्तिकेत पाच ठिकाणी ‘करू नका’चे ‘करा’ झाले, ही बातमी या आकड्यात कोठेही दिसत नाही.

मोठ्या संचांवरही ‘ब्लू’ फसू शकते, याचा दाखला २००५ साली मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने घेतलेल्या अरबी-इंग्रजी भाषांतराच्या स्पर्धेत माणसांनी जी प्रविष्टी पहिली ठरवली, तिला ‘ब्लू’ने सहाव्या क्रमांकावर ढकलले. ख्रिस कॅलिसन-बर्च, माइल्स ऑस्बर्न आणि फिलिप कोन यांनी २००६ मध्ये या विसंगतीची चिकित्सा केली. त्या प्रविष्टीत यंत्राच्या मजकुरावर इंग्रजी जाणणाऱ्या माणसांचा हात फिरला होता. माणसाने वाक्य सुधारले की ते वाचनीय होते, पण संदर्भातील शब्दांपासून दूरही जाते.

शून्य कधी खरे नसते

मराठी मजकुरासाठी हे आकडे वापरताना आणखी एक सापळा असतो आणि त्याचा भाषांतराच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नसतो. तुकडे मोजण्याआधी संगणक वाक्याचे शब्द पाडतो. ‘रूज’ मोजणारे पायथन भाषेतील एक लोकप्रिय साधन हे काम करताना रोमन लिपीतील अक्षरे व अंक तेवढे ठेवते आणि बाकी सारे पुसून टाकते. तयार मांडणीत ते मराठीला लावले तर देवनागरी मजकुराचा मागमूस राहत नाही आणि हुबेहूब सारख्या दोन वाक्यांनाही शून्य गुण पडतात. काही साधने याहून वाईट वागतात. ती काना, मात्रा, वेलांट्यांना अक्षर मानत नाहीत, त्यामुळे ‘खिडक्या’चे तीन तुकडे होतात आणि गुण अकारण फुगतात किंवा घटतात.

‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. मोजणाऱ्या यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. हे टाळण्यासाठी मजकूर आधी एकाच सांकेतिक रूपात आणावा लागतो. मराठीचा आकडा अनाकलनीय रीतीने कमी दिसला, तर पहिली शंका भाषांतराची न घेता या तयारीची घ्यावी. शंका फेडण्याची युक्ती सोपी आहे : संदर्भ वाक्यच यंत्राचे उत्तर म्हणून द्यावे. गुण शंभर आले नाहीत, तर मोजपट्टीतच खोट आहे. मात्र शब्द चुकीचे तुटले तरी दोन्हीकडे सारखेच तुटतात आणि गुण शंभरच येतात. म्हणून पाडलेले शब्द एकदा डोळ्यांखालून घालणेही आवश्यक आहे.

माणसाचा निर्णय, पण कसा?

अखेर निवाडा माणसाकडेच येतो. मात्र ‘वाचून कसे वाटते ते सांगा’ असे म्हणून माणसाच्या हाती कागद दिला, तर तोही फसतो. पहिले भाषांतर व्याकरणशुद्ध आणि ओघवते आहे. मूळ इंग्रजी सूचना न दाखवता ते एखाद्याला दिले, तर तो त्याला चांगले गुण देईल. म्हणून तपासणीत दोन प्रश्न अलग ठेवण्याची जुनी पद्धत आहे : मूळ आशय किती उतरला आणि भाषा किती सहज आहे. आशयाचा निर्णय मूळ मजकूर समोर ठेवूनच झाला पाहिजे.

अलीकडे गुण देण्याऐवजी चुका मोजण्याकडे कल आहे. परीक्षक वाक्यातील चुकीच्या शब्दांवर खूण करतो, चुकीचा प्रकार नोंदवतो आणि तिची तीव्रता ठरवतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात किरकोळ चुकीला एक आणि गंभीर चुकीला पाच दोषांक देण्यात आले होते. या पद्धतीने दुसऱ्या भाषांतराला शून्य दोषांक, तिसऱ्याला ‘होईपर्यंत’चा भाग गाळल्याबद्दल पाच आणि पहिल्यालाही अर्थ उलटल्याबद्दल पाच मिळतील. म्हणजे येथेही एक खाच राहते : गाळणे आणि उलटणे सारखेच ठरते. सुरक्षेच्या मजकुरासाठी तीव्रतेची तिसरी पायरी हवी. जिवाला धोका निर्माण करणारी एकही चूक आढळली तर बाकीचे गुण न पाहता संपूर्ण मजकूर परत, असा नियम आधीच ठरवून ठेवावा लागतो.

परीक्षक एकच असून चालत नाही. दोघांनी शंभर वाक्ये ‘बरोबर’ की ‘चूक’ अशी तपासली आणि ८४ वाक्यांवर त्यांचे एकमत झाले, तर ते समाधानकारक वाटते. पण दोघेही प्रत्येकी ८४ वाक्यांना ‘बरोबर’ म्हणत असतील, तर डोळे मिटून शिक्के मारले तरी सरासरी ७३ वाक्यांवर एकमत होईल. योगायोगाचा हा वाटा वजा करून उरलेले एकमत मोजतात. त्याला कॅप्पा म्हणतात. येथे तो ०.४० च्या आसपास येतो. म्हणजे चूक कशाला म्हणायचे, यावरच दोघांचे फारसे जुळलेले नाही. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाणे हा उपाय नव्हे. मतभेदाची वाक्ये समोर ठेवून दोघांना बसवावे आणि नियम स्पष्ट करावेत.

मराठीपुरते सांगायचे तर अशा खुणांचा मोठा संच आता उपलब्ध आहे. आयआयटी मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ केंद्राशी संबंधित संशोधकांनी २०२३ मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांत, सात भाषांतर प्रणालींच्या मजकुरावर भाषातज्ज्ञांकडून सात हजार नोंदी करून घेतल्या आणि त्यांच्याशी निरनिराळ्या मोजपट्ट्या ताडून पाहिल्या. माणसांच्या निर्णयाशी सर्वाधिक जुळली ती ‘कॉमेट’ ही मोजपट्टी. ती शब्द मोजत नाही; माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकलेले एक प्रारूप मूळ वाक्य, संदर्भ आणि भाषांतर यांच्या अर्थाची जवळीक अजमावते. शब्दांऐवजी अक्षरांचे तुकडे मोजणारी, माया पोपोविच यांनी २०१५ मध्ये सुचवलेली ‘सीएचआरएफ’ ही मोजपट्टीही प्रत्ययबहुल भाषांना अधिक न्याय देते. ‘थांबल्याची’ आणि ‘थांबल्याचे’ यांतील साम्य तिला दिसते.

तथापि याही मोजपट्ट्या डोळे झाकून वापरण्यासारख्या नाहीत. अक्षरे मोजणारीला नकाराचे वजन कळत नाही ते नाहीच. ‘कॉमेट’ आकडे आणि विशेषनामे यांतील चुकांकडे पुरेसे लक्ष देत नाही, असे २०२२ मधील एका अभ्यासात आढळून आले. सुरक्षेच्या सूचनेत अंतर, वेळ आणि गावाचे नाव यांनाच सर्वाधिक महत्त्व असते.

म्हणून जाणकार एका आकड्यावर न थांबता तपासणीचे टप्पे पाडतात. मूळ मजकुरातील आकडे, एकके, नावे आणि नकार भाषांतरात आले आहेत का, हे एक साधी आज्ञावली आधी चाळते. मूळात नकार असून मराठीत ‘नका’, ‘नये’, ‘नयेत’, ‘नाही’ यांपैकी काहीच नसेल, तर ते वाक्य बाजूला काढले जाते. गंमत अशी, की ‘बंदच ठेवा’ म्हणणारे दुसरे, बिनचूक भाषांतरही या चाळणीत अडकेल. त्याला हरकत नाही. चाळणीने निकाल द्यायचा नसतो. माणसाने कोठे पाहावे एवढेच सांगायचे असते.

अखेरचा टप्पा वाचकाचा. संदर्भ भाषांतर प्रमाण मराठीत असते. त्याच्याशी जुळणारी सूचना वारली बोलणाऱ्या पाड्यावर किंवा उडिया कामगारांच्या खोल्यांत तितकीच समजेल, याची हमी कोणतीही मोजपट्टी देत नाही. त्यासाठी सूचना वाचून दाखवायची, कागद बाजूला ठेवायचा आणि तीन प्रश्न विचारायचे : भोंगा झाला तर खिडकी उघडी ठेवाल की बंद? कधीपर्यंत? आता उघडायला हरकत नाही हे कशावरून ओळखाल? पहिल्या प्रश्नाला एकाने जरी ‘उघडी’ असे उत्तर दिले, तर त्या मजकुराला मिळालेले एकोणनव्वद गुण बाजूला ठेवून वाक्य नव्याने लिहायला घ्यावे लागते.